बीपनंतरचे वीस सेकंद

आपल्याकडे फोन उचलला नाही की तो मिस्ड कॉल होतो, आणि निरोप ठेवायचाच असेल तर व्हॉट्सअ‍ॅप असतं. त्यामुळे पुण्यात हिंजवडीला किंवा बाणेरला परदेशी विक्रीच्या नोकरीला लागलेल्या मुलामुलींनी व्हॉइसमेल तोवर बहुधा सिनेमातच पाहिलेला असतो. मग पहिल्याच आठवड्यात तो रोज संध्याकाळी भेटू लागतो. अमेरिकेत फोन चार-पाच वेळा वाजतो, रेकॉर्ड केलेला आवाज सांगतो की मी जागेवर नाही, आणि बीप होतो. पलीकडे माणूस नाही, पण आपलं बोलणं नोंदलं जातंय, या विचाराने चांगली बोलकी मुलंही त-त-प-प करू लागतात.

या धंद्यातला सगळ्यात मोठा गैरसमज असा की निरोप ऐकून समोरचा उलट फोन करील. अनोळखी विक्रेत्याला तो जवळजवळ कधीच करत नाही. निरोपाचं काम त्याहून लहान असतं: पाठोपाठ जाणारा ईमेल उघडला जावा आणि पुढच्या वेळी आपलं नाव ओळखीचं वाटावं. हे एकदा लक्षात आलं की निरोपात काय घालायचं आणि काय गाळायचं, ते आपोआप ठरत जातं.

एक उदाहरण घेऊ. पुण्यातली एक छोटी कंपनी कारखान्यांची जुनी कागदी ड्रॉइंग्ज संगणकावर नव्याने करून देते. ओहायो राज्यातल्या एका कन्व्हेयर बनवणाऱ्या कारखान्याने ड्राफ्ट्समन हवा अशी जाहिरात दिलीय आणि ती सहा आठवडे तशीच पडून आहे. म्हणजे माणूस मिळत नाही आणि काम साचतंय. तिथल्या इंजिनिअरिंग मॅनेजरला गाठायचंय, पण तो फोन घेत नाही.

पहिल्या फोनला आधी कान द्यायचा तो त्याच्या रेकॉर्ड केलेल्या स्वागताला. नवखे विक्रेते ते स्वागत सुरू असताना स्क्रिप्ट चाळत बसतात आणि हातची माहिती घालवतात. त्यात त्या माणसाच्या नावाचा खरा उच्चार असतो. तो सोमवारपर्यंत रजेवर असेल तर तेही कळतं. तातडीच्या कामासाठी कोणाला फोन करावा ते सांगितलेलं असतं, कधी मोबाइल नंबरही. स्वागताऐवजी कंपनीने घातलेला यांत्रिक आवाज आला, तर ही पेटी बहुधा कोणी उघडत नाही असं समजावं. ‘पेटी भरली आहे’ असं ऐकू आलं तर त्या फोनवर वेळ घालवू नये. कारखान्याच्या मुख्य नंबरावर रिसेप्शनला विचारावं की ड्रॉइंगचं काम कोण पाहतं.

आता निरोप. तो इंग्रजीतच जाणार, पण त्याचा ऐवज मराठीत मांडायचा तर असा: “तुमच्या ड्राफ्ट्समनच्या जाहिरातीबद्दल फोन केला होता. जागा भरेपर्यंत साचलेली ड्रॉइंग्ज आमची पुण्यातली टीम करून देऊ शकते. एका कन्व्हेयरचं जुनं ड्रॉइंग आणि त्याचं नवं रूप आत्ता ईमेलने पाठवतोय, विषयाच्या ओळीत ‘Drafter opening’ असं आहे. उलट फोन करायची गरज नाही. मी अमुक, माझा नंबर अमुक.” सुरुवातीला त्याचं पहिलं नाव घ्यायचं, स्वागतात ऐकलं तसंच. ‘सर’ नको, ओहायोत ते कॉल सेंटरचं लक्षण वाटतं.

हे सगळं वीस-पंचवीस सेकंदांत बसतं. इंग्रजीत बेताच्या गतीने साधारण पन्नास-साठ शब्द होतात. कारण पहिल्या वाक्यात आणि स्वतःचं नाव शेवटी, हा क्रम आपल्या सवयीच्या उलटा आहे. आपण आधी नाव सांगतो, मग कंपनी, मग कंपनी किती मोठी ते, आणि काम येईपर्यंत ऐकणाऱ्याने निरोप पुसलेला असतो. त्यात आता निरोप ऐकले जातात त्यापेक्षा जास्त वाचले जातात. फोन त्यांचं लेखी रूप पडद्यावर दाखवतो आणि पहिल्या एक-दोन ओळींवरच निकाल लागतो. भारतीय नावांचं या लेखी रूपात भलतंच काही होतं. म्हणून ओळख पटवण्याचं काम नावावर सोपवायचं नाही, जाहिरातीवर सोपवायचं.

२०२३ पासून आयफोनवर तर आपण बोलत असतानाच शब्द समोरच्याच्या पडद्यावर उमटतात, आणि वाटलं तर तो मध्येच फोन उचलतो. तिथे हमखास गोंधळ होतो. निरोपाच्या तालात असलेला मुलगा एकदम गप्प होतो किंवा पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. त्या क्षणी एकच प्रश्न तयार हवा: “ती जागा अजून रिकामीच आहे का?” २०२५ मध्ये आलेल्या नव्या आयफोन प्रणालीत, मालकाने तशी सोय चालू ठेवली असेल, तर फोन वाजण्याआधीच अनोळखी माणसाला नाव आणि कामाचं कारण विचारलं जातं. तिथेही तेच पहिलं वाक्य उपयोगी पडतं.

नंबर सांगण्यातही एक आपली खास चूक आहे. आपण दहा आकडे पाच-पाच करून, ‘डबल थ्री’, ‘ट्रिपल सेव्हन’ असं सांगतो. अमेरिकन माणसाचा कान तीन, तीन, चार अशा तुकड्यांना सरावलेला असतो आणि डबल-ट्रिपल त्याच्या सवयीचं नसतं. लिहून घेताना तो अडखळतो आणि सोडून देतो. प्रत्येक आकडा सुटा, सावकाश आणि दोनदा सांगावा. आणि फोन करायला बसण्याआधी त्या नंबरावर आपणच एकदा फोन लावून पाहावा. बऱ्याच कंपन्या अमेरिकन नंबर भाड्याने घेतात, पण त्यावर उलट फोन आला तर तो कोणाकडे वाजतो, याची कोणी खातरजमा केलेली नसते. मग कधी नव्हे तो ग्राहक फोन करतो आणि त्याला रिकामी घंटी ऐकू येते.

निरोप ठेवला की दहा मिनिटांच्या आत ईमेल जायला हवा, विषयाची ओळ सांगितली तीच. दोन दिवसांनी दुसरा फोन, पण वेळ बदलून आणि निरोप न ठेवता. उन्हाळ्यात ओहायोचे सकाळचे आठ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेपाच, हिवाळ्यात साडेसहा. अमेरिकेतली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी सरकतात, आपली सरकत नाहीत. त्यामुळे नोव्हेंबरच्या त्या सोमवारी जुन्याच वेळी फोन लावणारे तिथे सकाळी सातला रिकामी ऑफिसं वाजवत बसतात.

पहिल्या निरोपानंतर पाच-सहा दिवसांनी दुसरा निरोप. त्यात “जस्ट चेकिंग इन” म्हणू नये. त्या शब्दांत ऐकणाऱ्याच्या हाती काहीच पडत नाही. मला अजून विक्री करायची आहे, एवढंच त्यातून कळतं. दुसऱ्या निरोपाला नवं काहीतरी द्यावं लागतं. आपल्या उदाहरणात ते घड्याळातच आहे: “तुम्ही संध्याकाळी पाचला पाठवलेल्या लहान दुरुस्त्या सकाळी तुम्ही यायच्या आत झालेल्या असतात, कारण तुमची रात्र हा आमचा कामाचा दिवस.” सोबतचा ईमेल आधीच्याच धाग्यात उत्तर म्हणून जावा, म्हणजे ड्रॉइंगचा नमुना खाली तसाच दिसत राहतो.

त्यानंतर आठवडाभर मध्ये जाऊ द्यावा आणि या काळात एक फोन रिसेप्शनला करावा. आपण चुकीच्या माणसाच्या मागे लागलोय, असं इथे पुष्कळदा कळतं. ड्रॉइंग बाहेर द्यायची की नाही हे खरेदी विभाग ठरवत असतो. मग सगळं त्या माणसापासून नव्याने सुरू. माणूस बरोबर असेल, तर तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस तिसरा आणि शेवटचा निरोप: “यापुढे मी फोन करणार नाही. ड्रॉइंगचा नमुना तुमच्याकडे आहे. पुढे काम साचलं तर त्याच ईमेलला उत्तर द्या.” या निरोपाला इतरांपेक्षा बरी उत्तरं येतात असं विक्रीतले लोक सांगतात. पण तो खरा हवा. ‘शेवटचा’ म्हणून पुढच्याच आठवड्यात पुन्हा फोन केला, तर आधीचं सगळं फुकट जातं.

तीन आठवड्यांत पाच-सहा फोन आणि तीन निरोप मला पुरेसे वाटतात. त्यापलीकडे नंबरच धोक्यात येतो. एकाच नंबरावरून खूप, छोटे आणि न उचललेले फोन गेले की अमेरिकन मोबाइल कंपन्या त्यावर शिक्का मारतात, आणि ग्राहकाच्या पडद्यावर नावाऐवजी ‘Scam Likely’ किंवा ‘Spam Risk’ उमटतं. आपल्याला कोणी ते कळवत नाही. फोन उचलले जाण्याचं प्रमाण एका आठवड्यात एकदम पडलं, की संशय घ्यावा आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या अमेरिकन मोबाइलवर फोन लावून पाहायला तिथल्या ओळखीच्याला सांगावं. नंबर freecallerregistry.com वर नोंदवता येतो, पण त्याने जुनी सवय धुऊन निघत नाही.

बटण दाबून रेकॉर्ड केलेला निरोप टाकण्याची सोयही विकली जाते. काही सेवा तर फोन न वाजवताच निरोप पेटीत सरकवतात. १९९१ च्या अमेरिकन कायद्यानुसार विक्रीसाठी रेकॉर्ड केलेला आवाज मोबाइलवर पाठवायला आधी संमती लागते, आणि न वाजणारे निरोपही त्याच नियमात येतात, असं तिथल्या दळणवळण आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं. दंड एकेका फोनमागे ५०० डॉलर, जाणूनबुजून केलं असेल तर १५०० पर्यंत. शिवाय त्या निरोपात ऐकणाऱ्याचं नाव नसतं, जाहिरातीचा उल्लेख नसतो, म्हणजे जे काम करतं तेच गाळलेलं असतं.

हे सगळं चालतंय की नाही, हे उलट आलेल्या फोनांवरून मोजलं तर शून्य दिसेल आणि साहेब निरोप बंद करायला सांगतील. त्याऐवजी यादीचे दोन भाग करावेत. दोन्हींना ईमेल तेच, फोनही तितकेच, पण निरोप एकाच भागाला. मग ईमेलला आलेली उत्तरं ताडून पाहावीत. दहा-वीस नावांवर काही ठरत नाही. शे-दोनशे नावं तरी हवीत. निरोप मिळालेल्या भागातून जास्त उत्तरं आली नाहीत, तर दोष बहुधा पहिल्या वाक्यात असतो: ते ग्राहकाच्या जाहिरातीबद्दल नसून आपल्या कंपनीबद्दल असतं.

हाच क्रम उचलून नाशिकच्या किंवा कोल्हापूरच्या कारखानदारावर चालवू नये. इथे निरोपाची पेटीच नसते, आणि जाहिरातीच्या फोनांसाठी ठरलेल्या १४० ने सुरू होणाऱ्या नंबराला लोक लांबूनच ओळखतात. इथे कोणाच्या तरी ओळखीने गेलेला एक मेसेज या सगळ्याहून पुढे जातो.

उत्तर ‘नको’ असं आलं, तर अमेरिकन ईमेल कायदा नाव काढायला दहा कामाचे दिवस देतो. त्याच संध्याकाळी काढावं, आणि फोनच्या यादीतूनही. कारण ईमेलची यादी एका सॉफ्टवेअरमध्ये आणि फोनची दुसऱ्यात असते. ‘नको’ म्हणालेल्या माणसाला चार दिवसांनी दुसऱ्याच मुलाचा फोन जातो, तो या फटीतून. उत्तरच आलं नाही, तर नावापुढे जाहिरातीची तारीख लिहून ठेवावी. काही महिन्यांनी तीच जाहिरात पुन्हा लागली, तर ते फोन करायचं नवं कारण आहे, आणि नव्या निरोपाचं पहिलं वाक्यही तेच.