दोरी सोडण्याचा सराव : जुनाट वेदना, नैराश्य आणि ‘अ‍ॅक्ट’

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या दुखण्याला जुनाट वेदना म्हणतात. तिच्या जोडीला नैराश्य आले की दोन्ही एकमेकांना खतपाणी घालतात. दुखेल म्हणून माणूस एकेक काम सोडतो, त्यापाठोपाठ भेटीगाठी आणि आवडीनिवडी सुटतात. मन खचते आणि खचलेल्या मनाला दुखणे आणखी असह्य होते. अ‍ॅक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी, म्हणजेच ‘अ‍ॅक्ट’, ही मानसोपचार पद्धत या चक्रावर काम करते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन हेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मांडली. तिच्यावरचे त्यांचे पुस्तक १९९९ साली प्रसिद्ध झाले. वेदना कमी करणे हे तिचे पहिले उद्दिष्ट नसते. वेदनेशी झगडताना जे जगणे बाजूला पडले, ते पुन्हा सुरू करणे हे असते.

उपचारकांच्या कार्यशाळेत हे समजावण्यासाठी एक काल्पनिक रुग्ण घेता येईल. ४६ वर्षांची शिक्षिका, चार वर्षांपासून कंबरदुखी. तपासण्या झाल्या, औषधे, मसाज, पट्टा सगळे झाले. आता ती दीर्घ रजेवर आहे, दिवसाचा बराच वेळ पडून असते आणि म्हणते, “मी घरच्यांना ओझं झालेय.”

पहिल्या भेटीत उपचारक तिने आजवर केलेल्या उपायांची यादी तिच्याकडूनच करून घेतो. प्रत्येक उपायापुढे तीन गोष्टी लिहायच्या: तात्पुरता आराम किती मिळाला, वर्षभराने दुखण्यात काय फरक पडला आणि त्यापायी काय सोडावे लागले. तिसरा रकाना भरताना बहुतेकदा रुग्ण गप्प होतो. दिलासा द्यायची घाई इथे करायची नसते.

त्यानंतर रस्सीखेचीचे रूपक येते. समोर एक राक्षस, मध्ये खोल दरी आणि दोघांच्या हातात एकच दोरी. रुग्ण जितका ओढतो, तितका राक्षसही ओढतो. कार्यशाळेत हे सांगण्याऐवजी करून पाहतात. एक जण वेदना होतो, दुसरा रुग्ण. दोघे एक टॉवेल ताणून धरतात. ताणलेला असतानाच उपचारक विचारतो, “आता फोन आला तर कोणत्या हाताने घ्याल?” मग टॉवेल सोडायला सांगतो. राक्षस समोरच उभा असतो, पण हात मोकळे होतात. इथे नेहमीची चूक म्हणजे उपचारकानेच तात्पर्य सांगून टाकणे. दुसरी अडचण उशिरा लक्षात येते. रुग्ण पुढच्या भेटीत म्हणतो, “दोरी सोडली, तरी दुखतंच.” म्हणजे दोरी सोडणे हासुद्धा दुखणे घालवण्याचा नवा उपाय झाला, आणि ओढाताण चालूच राहिली.

हात मोकळे कशासाठी, हे मूल्यांच्या सरावातून ठरते. जुनाट वेदनेसाठी तयार केलेल्या एका प्रश्नावलीत कुटुंब, जोडीदार, मित्र, काम, आरोग्य आणि शिकणे ही सहा क्षेत्रे असतात. प्रत्येकाला ० ते ५ गुण दोनदा द्यायचे: एकदा ते किती महत्त्वाचे आहे यासाठी, एकदा सध्या तसे किती जगणे होते यासाठी. शिक्षिकेने कामाला महत्त्व ५ आणि प्रत्यक्ष जगणे १ दिले, तर या तफावतीपासून सुरुवात करता येते. “चांगल्या सुनेने असंच वागायला हवं,” असे उत्तर आले की एक प्रश्न उपयोगी पडतो: “हे केलेलं कुणालाच कळणार नसेल, तरी कराल का?”

“मुलांना शिकवत राहणं” ही दिशा मिळाली की पाऊल छोटे ठेवतात. शेजारच्या दोन मुलांना आठवड्यातून तीनदा, १५ मिनिटे गणित शिकवायचे. वेळ संपली की थांबायचे, मग दुखत असो वा नसो. बरे वाटले म्हणून तासभर बसायचे आणि मग दोन दिवस अंथरूण धरायचे, हा फेरा त्यामुळे तुटतो. नैराश्यात उत्साह येण्याची वाट पाहिली तर पाऊल पडतच नाही, म्हणून कृती मनःस्थितीवर न सोडता वेळापत्रकात बसवतात.

“मी ओझं आहे” या विचाराशी वाद घालत नाहीत. तिला तोच विचार “मी ओझं आहे असा विचार मनात येतोय” असा म्हणायला सांगतात, म्हणजे विचार आणि ती यांच्यात थोडे अंतर पडते. मात्र हेच वाक्य आत्महत्येच्या धोक्याची खूणही असू शकते. त्यामुळे सरावाआधी जगणे नकोसे वाटते का, हे सरळ विचारावे लागते. धोका दिसला तर मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवणे आधी, रूपके नंतर. पायांत नवी कमजोरी, लघवीवरचा ताबा जाणे, ताप किंवा अकारण वजन घटणे आढळले, तर पुन्हा वैद्यकीय तपासणी लागते.

ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२१ मध्ये जुनाट प्राथमिक वेदनेसाठी ‘अ‍ॅक्ट’चा विचार करावा असे सुचवले. मात्र २०२०च्या कॉक्रेन आढाव्याला तिच्याविषयीचा पुरावा कमी दर्जाचा वाटला होता. म्हणून उपचाराचे यश केवळ वेदनेच्या गुणांवरून मोजत नाहीत. नैराश्याचे गुण, दुखणे असूनही होणारी कामे आणि मूल्यांमधली तफावत ठरावीक काळाने पुन्हा मोजतात. शिक्षिकेची वेदना दहापैकी सातवरच राहिली, पण कामाच्या रकान्यातला १ वाढून ३ झाला आणि तिचे नैराश्य उतरले, तर ‘अ‍ॅक्ट’च्या हिशेबाने ती सुधारणा ठरते.