‘कुठल्या पंपाजवळ?’ : वीस सेकंदांच्या जाहिरातीत छोट्या गावाचा प्रवासी कसा पकडतात?

रील बघता बघता मध्येच एक जाहिरात येते. चकचकीत व्होल्वो, गॉगल घातलेलं जोडपं, मागे जोरात गाणं आणि शेवटी ‘आता प्रवास झाला सोपा!’. तुमचा अंगठा तोवर पुढच्या रीलवर गेलेला असतो.

बस तिकिटाच्या ॲपसाठी असे व्हिडिओ भरपूर बनतात. पण उदगीर, मेहकर किंवा चाळीसगावच्या माणसाला त्यातून ॲप घ्यावंसं का वाटत नाही? बहुतेक वेळा गडबड शूटिंगमध्ये नसते, स्क्रिप्टमध्ये असते.

अडचण तिकिटाची नाहीच

रेडबस हे ॲप आज सगळ्यांना माहीत आहे. ती कंपनी 2006 साली सुरू झाली, कारण संस्थापकांपैकी एकाला दिवाळीत बंगळुरूहून घरी जायला बसचं तिकीट मिळालं नव्हतं. मोठ्या शहरातल्या प्रवाशाचा प्रश्न तोच असतो. गाड्या शेकडो आहेत, पण जागा कुठल्या गाडीत आहे?

छोट्या गावात चित्र वेगळं असतं. पुण्याला जाणाऱ्या रात्रीच्या गाड्या मोजक्या, आणि ट्रॅव्हल्सच्या ऑफिसमधला माणूस ओळखीचा. एक फोन केला की सीट ठेवली जाते. तिकीट काढणं इथं आधीच सोपं आहे, त्यामुळे ‘घरबसल्या तिकीट काढा’ या ओळीला इथं फारशी किंमत नाही.

खरी धाकधूक त्यानंतर सुरू होते. गाडी स्टँडवर येत नाही, बायपासला थांबते. ‘पंपाजवळ उभे राहा’ असं सांगितलं जातं, पण बायपासला पंप दोन असतात. साडेनऊची गाडी कधी साडेदहाला येते आणि ड्रायव्हरचा फोन लागत नाही. सोबत म्हातारी आई किंवा परीक्षेला निघालेली मुलगी असेल, तर तो एक तास फार मोठा होतो.

चांगली स्क्रिप्ट यातली एकच भीती निवडते. सीट, सवलत, एसी, रिफंड आणि रेटिंग असं सगळं वीस सेकंदांत कोंबलं, तर प्रेक्षकाच्या लक्षात काहीच राहत नाही.

एक स्क्रिप्ट प्रत्यक्ष बघू

समजा, एका ॲपला देगलूरहून उदगीरमार्गे पुण्याला जाणाऱ्या गाडीसाठी जाहिरात करायची आहे. निवांत बोललं तर वीस सेकंदांत मराठीचे 40 ते 45 शब्द बसतात. स्क्रिप्ट अशी होईल.

0 ते 3 सेकंद. रात्र. हायवेच्या कडेला बॅग घेतलेले वडील, शेजारी मुलगी. वडील फोनवर : ‘अहो भाऊ, पंपाजवळ म्हणजे कुठल्या पंपाजवळ?’ स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत : कुठल्या पंपाजवळ?

3 ते 8 सेकंद. मुलगी मोबाईल पुढे करते. ‘पप्पा, हे बघा. गाडीनं आत्ता देगलूर सोडलं. इथं यायला तास आहे अजून.’

8 ते 13 सेकंद. ॲपची खरी स्क्रीन. मागून आवाज : ‘गाडी कुठं थांबणार, त्या जागेचा फोटो. गाडी कुठवर आली, ते नकाशावर.’

13 ते 15 सेकंद. पैसे भरण्याची स्क्रीन. ‘तिकिटाचे एकूण पैसे आधीच दिसतात.’

15 ते 20 सेकंद. वडील बॅग उचलतात. ‘मग चल, चहा घेऊ.’ दोघं टपरीकडे निघतात. मागून आवाज : ‘उदगीर ते पुणे. ॲप घ्या, गाडी बघा.’

यात ॲपचं नाव आणि लोगो सुरुवातीला नाही. यूट्यूबवर बऱ्याच जाहिराती पाच सेकंदांनी ‘स्किप’ करता येतात आणि रीलमध्ये तर तेवढीही वाट बघावी लागत नाही. म्हणून पहिल्या तीन सेकंदांत बघणाऱ्याचा स्वतःचा प्रसंग दिसावा लागतो.

दुसरी गोष्ट आवाजाची. अनेक जण एसटीत किंवा घरी सगळे झोपल्यावर आवाज बंद ठेवून व्हिडिओ बघतात. त्यामुळे प्रत्येक वाक्य स्क्रीनवरही लिहिलेलं हवं. फक्त ते अगदी खाली लिहायचं नाही. उभ्या व्हिडिओत खालच्या भागावर अकाउंटचं नाव आणि ‘इन्स्टॉल’चं बटण येतं आणि अक्षरं त्याखाली झाकली जातात. पारख सोपी आहे : आवाज बंद करून व्हिडिओ घरातल्या कुणालाही दाखवायचा. गोष्ट समजली नाही, तर स्क्रिप्ट पुन्हा लिहायची.

शेवटची चहाची ओळ उगाच टाकलेली नाही. धाकधूक संपली हे ‘निश्चिंत प्रवास’ या दोन शब्दांपेक्षा त्या चहातून लवकर कळतं.

जे ॲपमध्ये नाही, ते स्क्रिप्टमध्ये नको

ही स्क्रिप्ट एका अटीवरच चालते. त्या गाडीत जीपीएस हवं आणि ट्रॅव्हल्सवाल्याने ते चालू ठेवायला हवं. काही गाड्यांमध्येच ते असेल, तर ‘कुठवर आली ते नकाशावर’ हे वाक्य काढून फक्त थांब्याच्या फोटोवर जाहिरात उभी करावी लागेल.

पैशांचंही तसंच. ‘तिकीट फक्त 299’ म्हणायचं आणि शेवटच्या स्क्रीनवर सुविधा शुल्क, विमा वाढवत न्यायचं, हा प्रकार केंद्र सरकारच्या 2023 च्या ‘डार्क पॅटर्न’ नियमावलीत थेट येतो. किंमत टप्प्याटप्प्याने उघड करणं आणि न विचारता बिलात वस्तू टाकणं, या दोन्हींना त्यात मनाई आहे.

बारीक अक्षरांतली अटही वाचवत नाही. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने रॅपिडोला 10 लाख रुपयांचा दंड केला. ‘5 मिनिटांत रिक्षा, नाहीतर 50 रुपये’ अशी त्यांची जाहिरात होती. प्रत्यक्षात ते रोख पैसे नव्हते. 50 रुपयांपर्यंतचे कॉइन मिळायचे, तेही फक्त बाईक राइडसाठी आणि सात दिवसांत वापरायचे. ही अट ठळकपणे सांगितलेली नव्हती.

इन्स्टॉल झालं म्हणजे जाहिरात चालली का?

नाही. इथेच बरेच जण फसतात. समजा, हीच जाहिरात सगळ्या लातूर जिल्ह्यात दाखवली. औशाच्या माणसाने ॲप घेतलं, गाव शोधलं आणि समोर आलं ‘गाडी उपलब्ध नाही’. तो लगेच ॲप काढून टाकतो, कारण फोनमध्ये जागा तशीही कमीच असते. आकड्यांत मात्र ते एक ‘इन्स्टॉल’ म्हणून दिसतं.

म्हणून मोजायचं ते पहिलं तिकीट. लोक पहिल्या तीन सेकंदांतच निघून जात असतील, तर सुरुवातीचा प्रसंग चुकला. शेवटपर्यंत बघून इन्स्टॉल करत नसतील, तर भीती नीट सुटलेली दिसली नाही. इन्स्टॉल करून तिकीट काढत नसतील, तर जाहिरातीने सांगितलेली गोष्ट त्यांना ॲपमध्ये सापडली नाही, किंवा पैसे भरताना काहीतरी अडलं.

उपाय फार खर्चिक नाही. गोष्ट तीच ठेवायची, गावाचं नाव, मार्ग आणि थांब्याचा फोटो बदलायचा आणि ज्या गावात खरंच गाडी थांबते तिथेच ती जाहिरात दाखवायची. उदगीरकराला उदगीरचा पंप दिसला पाहिजे. दुसऱ्याच गावाचा दिसला, तर तो पुन्हा ओळखीच्या ट्रॅव्हल्सवाल्यालाच फोन लावेल.