स्ट्रिप्स पन्नास, तपासण्या किती?

ग्लुकोमीटर एकदाच घेतला जातो, स्ट्रिप्स मात्र कायम घ्याव्या लागतात. ऑनलाइन दुकानात त्यांच्या पाकिटावर मोठ्या अक्षरांत ‘५०’ असते आणि शेजारी मीटरचा फोटोही असतो. पाकीट उघडल्यावर त्यात फक्त स्ट्रिप्स निघतात. मीटर तर नसतोच, आणि बोटाला टोचायच्या सुया, म्हणजे लॅन्सेट, बहुतेकदा वेगळ्याच घ्याव्या लागतात. फोटोत जे दिसते पण पाकिटात नाही, ते विक्रेत्याने पहिल्याच ओळीत सांगायला हवे.

दुसरी अडचण जुळण्याची. स्ट्रिप कोणत्याही मीटरला चालत नाही, आणि कंपनी एकच असली म्हणून चालेलच असेही नाही. ‘अ‍ॅक्यु-चेक अ‍ॅक्टिव्ह’च्या स्ट्रिप्स ‘अ‍ॅक्यु-चेक इन्स्टंट’ला चालत नाहीत. म्हणून नुसते कंपनीचे नाव लिहून भागत नाही, मीटरचे पूर्ण नाव हवे. ते मीटरवरच छापलेले असते. मागवण्याआधी तेवढे वाचून घ्यावे, कारण डबीचे सील फुटल्यावर दुकानदार ती सहसा परत घेत नाही.

पण मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो आकड्याचा प्रश्न. एक स्ट्रिप म्हणजे एक तपासणी. रक्त कमी पडले तर मीटर एरर दाखवतो आणि ती स्ट्रिप वाया जाते. त्याहून मोठे नुकसान मुदतीमुळे होते. स्ट्रिपवर एन्झाइमचा थर असतो आणि दमट हवेने तो खराब होतो, म्हणून डबीत ओल शोषणारा पदार्थ ठेवलेला असतो. काही स्ट्रिप्स डबी उघडल्यापासून ३ महिन्यांतच वापराव्या लागतात, मग बाहेरची एक्सपायरी वर्षभर पुढची का असेना. काहींना अशी अट नसते. डबीवरचा मजकूर वाचल्याशिवाय हे कळत नाही.

समजा, आजी आठवड्यातून एकदाच उपाशीपोटी शुगर बघतात. ३ महिन्यांत त्यांच्या १३ तपासण्या होतात. ५० स्ट्रिप्सची एकच डबी आणि ३ महिन्यांची अट असेल, तर ३७ स्ट्रिप्स टाकून द्याव्या लागतील. त्याच ५० स्ट्रिप्स २५-२५च्या दोन डब्यांत आल्या, तर दुसरी डबी सीलबंद राहते आणि तिची मुदत ती उघडल्यावर सुरू होते. त्यांच्यासाठी २५चे पाकीटच बरे, प्रत्येक स्ट्रिप थोडी महाग पडली तरी. आजोबा इन्सुलिन घेत असतील आणि रोज दोनदा तपासत असतील, तर त्यांच्या ५० स्ट्रिप्स २५ दिवसांत संपतात. त्यांना मुदतीची चिंताच नाही.

म्हणून पाकिटाची माहिती अशी लिहिलेली असावी: ‘५० स्ट्रिप्स, २५च्या दोन डब्या. एका स्ट्रिपवर एकच तपासणी. डबी उघडल्यावर ३ महिन्यांत वापरा. फक्त अमुक मॉडेलच्या मीटरसाठी. मीटर, सुया आणि कंट्रोल सोल्युशन यात नाही.’

यातले कंट्रोल सोल्युशन फार थोड्या घरांत असते. ते ठरावीक ग्लुकोज असलेले द्रव असते. रक्ताऐवजी त्याचा थेंब लावला आणि आकडा डबीवर छापलेल्या मर्यादेत आला, तर मीटर आणि स्ट्रिप दोन्ही ठीक आहेत. डबी रात्रभर उघडी राहिली असेल किंवा आकडे अचानक विचित्र येऊ लागले असतील, तर औषधाच्या गोळ्यांत बदल करण्याआधी ही तपासणी करून पाहावी.