उशीर नेमका कुठे झाला?

एनजिनएक्सच्या लॉगमध्ये दोन वेळा शेजारीशेजारी लिहून घेता येतात. `$request_time` विनंतीचा पहिला बाइट आल्यापासून उत्तराचा शेवटचा बाइट पाठवेपर्यंत मोजते. `$upstream_response_time` फक्त मागच्या ॲप्लिकेशनशी झालेल्या व्यवहाराची वेळ सांगते. समजा, फोटो अपलोडची ओळ अशी आहे:

```
rt=8.412 urt=0.231
```

ॲप्लिकेशनने पाव सेकंदाच्या आत काम उरकले. उरलेल्या 8.181 सेकंदांचा ठपका लगेच प्रॉक्सीवर ठेवणे मात्र घाईचे ठरेल. बफरिंग चालू असताना एनजिनएक्स आधी पूर्ण फोटो स्वतःकडे घेतो, मग पुढे देतो. म्हणजे बहुधा मोबाइलचे नेटवर्कच रखडलेले असते. त्याच वेळी लहान विनंत्यांमध्येही, तेही वेगवेगळ्या ग्राहकांकडून, असाच फरक दिसला, तर प्रॉक्सीचा सीपीयू आणि डिस्क तपासावी. दोन्ही आकडे जवळपास सारखे आणि मोठे असतील, तर शोध ॲप्लिकेशनकडे वळतो. उत्तराचे बफरिंग बंद असेल तर हा निकष फसतो, कारण संथ ग्राहक दुसरा आकडाही फुगवतो.