‘इतर’मध्ये कोण कोण?

२०११च्या जनगणनेतली भाषांची आकडेवारी वृत्तालेखात, म्हणजे ज्याला आपण सर्रास पाय चार्ट म्हणतो त्यात, मांडायला घेतली की पहिले अर्धे वर्तुळ झटपट होते. हिंदी ४३.६३ टक्के, बंगाली ८.०३, मराठी ६.८६, तेलुगू ६.७०. पाकळ्या रुंद असतात, नावे आत मावतात, रंग वेगळे ओळखू येतात. पुढे पंजाबी येते, २.७४ टक्क्यांवर, आणि तिच्यानंतर सगळे एकमेकांत शिरू लागते. आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषा काढायच्या म्हटल्या तर नेपाळी, सिंधी, डोगरी, कोकणी, मणिपुरी आणि बोडो या सहा भाषा मिळून सव्वा टक्काही भरत नाहीत. त्यांची नावे एकावर एक चढतात, नावापासून पाकळीकडे नेणाऱ्या रेघा गुंततात आणि कोणती रेघ कोणाची हे कळेनासे होते.

मासिकाच्या पानावर साधारण चार सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ बसते. त्याचा परीघ सुमारे २५ सेंटिमीटर, म्हणजे एक टक्क्याला कडेवर अडीच मिलिमीटर जागा. कोकणीचे प्रमाण ०.१९ टक्के, तेव्हा तिच्या वाट्याला अर्धा मिलिमीटरही येत नाही. संस्कृत मातृभाषा सांगणारे देशभरात २४,८२१ लोक होते. त्यांची पाकळी या वर्तुळात केसापेक्षाही कितीतरी बारीक होईल, ती कुठल्याच छापखान्याला छापता येणार नाही.

इथे दोन वाटा फुटतात. त्यातली एक साफ चुकीची आहे, पण सोपी असल्याने बरेच जण तीच धरतात: बारीक भाषा तक्त्यातून काढून टाकायच्या आणि उरलेल्यांचा आलेख काढायचा. एक टक्क्याच्या आतल्या सगळ्या भाषा अशा वगळल्या, तर संगणक उरलेल्या बेरजेलाच शंभर टक्के धरतो. मग हिंदी ४३.६वरून ४६.२ टक्क्यांवर जाते आणि मराठी ६.९वरून ७.३वर. हिंदी किंवा मराठी बोलणारा एकही माणूस वाढलेला नसतो, तरी आलेख वाढ दाखवतो. वाचकाला हे ताडण्याचा मार्गही उरत नाही, कारण टक्क्यांची बेरीज बरोबर शंभर येते.

दुसरी वाट म्हणजे बारीक भाषांची एक मोळी बांधून तिला ‘इतर’ नावाची पाकळी द्यायची. बेरीज मूळचीच राहते, कोणाचे प्रमाण फुगत नाही. प्रश्न एवढाच की मोळीत कोणाला घालायचे.

सहज सुचणारे उत्तर असे की अनुसूचीतल्या २२ भाषा नावाने दाखवाव्यात आणि बाकीच्या ९९ ‘इतर’मध्ये टाकाव्यात. सरकारी तक्तेच तसे दोन भागांत येतात, त्यामुळे हा मोह समजण्यासारखा आहे. पण त्या ९९ भाषांमध्ये भिली आहे. भिली-भिलोडी या भाषेत जनगणनेने धरलेले १ कोटी ४ लाख लोक होते, त्यातले बरेच आपल्या नंदुरबार-धुळ्याकडचे. संताळी बोलणारे ७४ लाख, बोडो बोलणारे १५ लाख. म्हणजे या पद्धतीत पंधरा लाखांच्या भाषेला नाव मिळते आणि एक कोटीच्या भाषेचे नाव गडप होते. अनुसूचीत कोण आहे हा राज्यघटनेचा प्रश्न आहे. आलेख मात्र आकाराबद्दल बोलतो, तेव्हा रेघही आकारानेच ओढली पाहिजे, आणि एकदा ओढली की ती सगळ्यांना सारखी लागू झाली पाहिजे. कोकणी आपली म्हणून तिला रेघेच्या वर घ्यायचे आणि तिच्याहून मोठ्या गोंडीला खाली ठेवायचे, हे चालणार नाही.

आता रेघ कुठे? चार टक्क्यांवर ओढली तर हिंदी, बंगाली, मराठी, तेलुगू, तमिळ, गुजराती आणि उर्दू अशा सातच भाषा उरतात. चित्र देखणे होते, पण ‘इतर’ २०.३१ टक्क्यांवर जाऊन आलेखातली दुसऱ्या क्रमांकाची पाकळी बनते. कन्नड, ओडिया, मल्याळम तिच्या पोटात जातात. कुठल्याही आलेखात ‘इतर’ दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर दिसली, की मोळी नको तेवढी मोठी बांधली गेली असे मी समजते. दोन टक्क्यांवर रेघ ओढली तर ‘इतर’ ७.९८ टक्के होते, म्हणजे मराठीपेक्षा मोठी आणि जवळपास बंगालीएवढी. एक टक्क्यावर ओढली तर आसामी आणि मैथिली धरून १३ भाषा नावाने राहतात आणि ‘इतर’ ५.६० टक्क्यांवर येते.

मी एक टक्का निवडीन, आणि त्याला छपाईचे साधे कारण आहे. आठ पॉइंटांच्या अक्षराची ओळ सुमारे २.८ मिलिमीटर उंच असते. मैथिलीची पाकळी १.१२ टक्क्यांची, तिला कडेवर मिळणारी जागा जवळपास तेवढीच. तिच्याखाली गेले की नाव एका ओळीतही बसत नाही. मात्र ही जागा ओळीवर ओळ रचण्यासाठी उपयोगी पडायची असेल तर बारीक पाकळ्या वर्तुळाच्या डाव्या किंवा उजव्या बाजूला आल्या पाहिजेत. घड्याळातल्या बाराच्या जागेपासून मोठ्याकडून लहानाकडे जायची रीत आहे, आणि त्यात सगळ्या बारीक पाकळ्या शेवटी नेमक्या माथ्याशी येतात. तिथे वर्तुळाची कड आडवी असल्याने नावे शेजारी शेजारी येऊन आदळतात. एक्सेलमध्ये `Angle of first slice` हे मूल्य २७० केले, की सुरुवात नऊच्या जागेपासून होते आणि आसामी, मैथिली, ‘इतर’ डाव्या अंगाला उतरतात. मग नावे एकाखाली एक नीट लागतात. ‘इतर’ मात्र तिचा आकार काहीही असो, सर्वांत शेवटी ठेवावी. तिला गुजरातीच्या आधी बसवले तर वाचक तिला एक भाषा समजून इतरांशी तोलू लागतो.

इथवर गर्दी मिटली. लपवालपवीचा प्रश्न अजून तसाच आहे, कारण नुसता ‘इतर’ हा शब्द वाचकाला काहीच सांगत नाही. ५.६० टक्के म्हणजे सुमारे ६ कोटी ७८ लाख माणसे, गुजराती भाषकांपेक्षा सव्वा कोटीने जास्त. म्हणून पाकळीशेजारी नुसते ‘इतर’ न लिहिता ‘इतर १०८ भाषा, ५.६० टक्के, सुमारे ६.७८ कोटी लोक’ असे लिहावे, आणि आलेखाखाली रेघेचा नियम एका वाक्यात द्यावा: ‘एक टक्क्यापेक्षा कमी भाषक असलेल्या सर्व भाषा इतर या गटात.’ त्यामुळे कोकणी शोधणाऱ्याला ती कुठे गेली आणि का गेली, हे तिथल्या तिथे कळते.

पुढची पायरी मोळी सोडून दाखवण्याची. एक्सेलमध्ये `Bar of Pie` नावाचा आलेख मिळतो. तो ‘इतर’ पाकळीतून दोन रेघा बाहेर काढतो आणि शेजारच्या एका उभ्या पट्टीत तिचे घटक मांडतो. पाच-सहा घटक असतील तेव्हा तो उत्तम चालतो. इथे करून पाहिले तर भिली ०.८६, संताळी ०.६१, काश्मिरी ०.५६, गोंडी ०.२५, नेपाळी ०.२४ एवढ्या पाच भाषा पट्टीत बसतात, आणि उरलेल्या १०३ भाषांचे ३.०८ टक्के पुन्हा ‘इतर’ म्हणून पट्टीचा अर्ध्याहून मोठा भाग व्यापतात. शिवाय पट्टीचे माप वर्तुळाच्या मापाशी जुळत नाही. त्यामुळे पट्टीतली ०.८६ टक्क्यांची भिली वर्तुळातल्या १.२६ टक्क्यांच्या आसामीपेक्षा ठसठशीत दिसू शकते. घटक खूप असतील तर मला साधा तक्ता अधिक प्रामाणिक वाटतो. भाषेचे नाव, भाषक आणि टक्के असे तीन रकाने आलेखाच्या लगेच खाली, मोठ्याकडून लहानाकडे. पान अपुरे पडले तर पहिल्या वीस भाषा छापाव्यात आणि पूर्ण यादी कुठे मिळेल ते लिहावे.

दोन जनगणनांची तुलना करताना ही रेघ दगा देऊ शकते. समजा कोणी ती ०.९ टक्क्यांवर ओढली. २००१मध्ये भिली भाषक सुमारे ९६ लाख होते, लोकसंख्येच्या ०.९३ टक्के, म्हणून तेव्हा भिलीला स्वतःची पाकळी मिळते. २०११मध्ये ते १ कोटी ४ लाख झाले, पण देशाची लोकसंख्या त्याहून वेगाने वाढल्याने प्रमाण ०.८६वर आले, आणि भिली ‘इतर’मध्ये गेली. दोन आलेख शेजारी ठेवले तर वाढलेली भाषा नाहीशी झाल्यासारखी दिसते आणि ‘इतर’ उगाच फुगते. यावर उपाय म्हणजे रेघ एकाच वर्षाच्या आकड्यांवर ठरवायची आणि तीच भाषांची यादी दोन्ही वर्षांना लावायची.

रेघेच्या वर कोण राहील हे आपण कोणत्या पूर्णाचे भाग पाडतो आहोत यावरही ठरते. देशाच्या वर्तुळात अर्धा मिलिमीटर न मिळालेली कोकणी गोव्याच्या वर्तुळात सुमारे ६६ टक्के व्यापते. गोव्यातल्या वाचकांसाठीच्या लेखात देशाचा आलेख एकटा छापणे म्हणूनच अपुरे ठरेल, त्याच्याशेजारी राज्याचा हवा.

आणि मोळी फक्त ‘इतर’ नावानेच बांधली जाते असे नाही. वर्तुळातली सर्वांत मोठी पाकळी हीसुद्धा मोळीच आहे. जनगणनेने हिंदीच्या ५२ कोटी ८३ लाखांत भोजपुरी सांगणारे ५ कोटी ६ लाख, राजस्थानी सांगणारे २ कोटी ५८ लाख आणि छत्तीसगढी सांगणारे १ कोटी ६२ लाख धरले आहेत. स्वतःची मातृभाषा ‘हिंदी’ अशीच सांगणारे ३२ कोटी २२ लाख होते. भोजपुरी वेगळी काढली असती तर ती कन्नडच्या पुढे जाऊन उर्दूच्या खांद्याला खांदा लावून बसली असती. ही मोळी आलेख काढणाऱ्याने बांधलेली नाही, ती आकड्यांबरोबर बांधूनच आली, पण वाचकाला दोन्ही सारख्याच अदृश्य. तेव्हा आलेखाखाली ‘इतर’चा नियम लिहितो त्याच्याच पुढच्या ओळीत हेही यावे: ‘हिंदी या गटात भोजपुरी, राजस्थानी, छत्तीसगढी आदी मातृभाषांचा समावेश जनगणनेने केला आहे.’