उपखंड (क) म्हणजे नेमका कोणता हक्क?

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १९ मधला खंड (२) एकदा सुटा वाचून पाहावा. उपखंड (क) ने दिलेल्या हक्कावर राज्याला कायद्याने वाजवी निर्बंध घालता येतात, एवढं त्यातून कळतं. पुढे सार्वजनिक सुव्यवस्था, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी अशी कारणं येतात. हक्क कोणता, हे मात्र त्यात लिहिलेलंच नाही. माणूस नजर चार ओळी वर नेतो आणि त्याला खंड (१) मध्ये भाषण व अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य सापडतं. संगणकापुढे ही ओळ कापून वेगळी ठेवलेली असते, त्यामुळे वर पाहायला काही उरतच नाही.

कागदपत्रांत शोधून उत्तर देणाऱ्या प्रणाली दस्तऐवजाचे लहान तुकडे करतात. प्रत्येक तुकड्याचा अर्थ आकड्यांच्या एका ओळीत नोंदवला जातो. त्याला एम्बेडिंग म्हणतात. प्रश्नाचेही तसेच आकडे काढून जवळचे तुकडे निवडले जातात. आता कुणी विचारलं, ‘भाषणस्वातंत्र्यावर कोणत्या कारणांनी बंधनं येतात?’ खंड (१) चटकन वर येतो, पण उत्तर खंड (२) मध्ये आहे, आणि त्यात ‘भाषण’ हा शब्दच नाही. खंड (३) आणि (४) तर इतके जुळे, की सभेचा कोणता आणि संघटनेचा कोणता हे सुटं वाचून वकिलालाही सांगता येऊ नये.

यावरचा एक इलाज साधा आहे. एम्बेडिंग काढण्याआधीच तुकड्याच्या डोक्यावर त्याचा पत्ता लिहायचा: ‘भारताचे संविधान, भाग ३ मूलभूत हक्क, अनुच्छेद १९, खंड (२): भाषण व अभिव्यक्तीवरील निर्बंध’. हा मथळा आटोपशीर हवा. दोन ओळींच्या मजकुरावर पाच ओळींचा मथळा चढवला, तर सगळे तुकडे एकमेकांसारखे दिसू लागतात.

दुसरा इलाज आई-मुलाच्या नात्याचा. शोधायचं लहान तुकड्यांत, कारण एकाच मुद्द्याचा तुकडा प्रश्नाशी नेमका जुळतो. प्रत्येक तुकड्यासोबत मूळ विभागाचा क्रमांक ठेवायचा आणि तुकडा जुळला की तो सगळा विभाग उत्तर लिहिणाऱ्या मॉडेलकडे पाठवायचा. इथे ‘आई’ म्हणजे अख्खा अनुच्छेद १९. मग फक्त खंड (१) जुळला तरी खंड (२) आपोआप सोबत येतो. एकाच अनुच्छेदाचे तीन खंड जुळले, तर तो अनुच्छेद एकदाच पाठवायचा, ही खबरदारी मात्र घ्यावी लागते.

आई केवढी असावी, इथेच खरी कसोटी आहे. सगळा भाग ३ आई मानला, तर अनुच्छेद १२ ते ३५ एकदम येतात आणि हवी ती ओळ गर्दीत हरवते. शिवाय पीडीएफमधून शीर्षकं चुकीची उचलली गेली, तर अनुच्छेद २० चा मजकूर १९ च्या मथळ्याखाली बसतो आणि चुकीचं उत्तर ठामपणे येतं.

म्हणून उत्तर चुकलं, की मॉडेलला बोल लावण्याआधी त्याच्याकडे गेलेला मजकूर जसाच्या तसा छापून वाचावा. त्यात खंड (२) नसेल, तर चूक शोधाची आहे.