साहेब, आपली शाखा राहणार ना?

बँक ऑफ बडोदा, विजया बँक आणि देना बँक यांच्या विलीनीकरणाचा प्रस्ताव सरकारने सप्टेंबर 2018 मध्ये जाहीर केला आणि 1 एप्रिल 2019 पासून ते अमलात आलं. नोकऱ्या जाणार नाहीत, सेवाशर्ती खालावणार नाहीत, हे सरकारने आधीच सांगितलं होतं. पण एकाच रस्त्यावर दोन शाखा असतील तर कुठली उरेल आणि बदली कोणाची होईल, हे लगेच कळण्यासारखं नव्हतं. अशा वेळी सहा-सात माणसांच्या शाखेचा मॅनेजर अवघड जागी बसलेला असतो. लोक उत्तर त्याच्याकडे मागतात आणि स्वतःची बदली कुठे होणार, हे त्यालाही माहीत नसतं.

समजा, कॅशियरबाई विचारतात, "साहेब, आपली शाखा राहणार ना?" मुलगी दहावीला, सासू अंथरुणाला खिळलेली. "काळजी करू नका, काही होत नाही," हे उत्तर तोंडावर येतं, पण ते देऊ नये. महिनाभराने उलटं परिपत्रक आलं, की साहेबांच्या कुठल्याच शब्दावर विश्वास उरत नाही. त्यापेक्षा असं सांगावं : "नोकरी आणि पगार पक्का आहे. शाखेचं अजून ठरलेलं नाही, मलाही माहीत नाही. सोमवारी विभागीय कार्यालयात बैठक आहे, मंगळवारी सकाळी काउंटर उघडण्याआधी सगळ्यांना सांगतो. तुमची घरची अडचण मात्र आजच लेखी द्या, मी शिफारशीसह वर पाठवतो." मग मंगळवारी काही नवं नसलं तरी बोलायचंच. ती वेळ चुकली, की उरलेली जागा अफवा भरून काढतात.

मॅनेजरला निर्णयच पटलेला नसेल तर? माझ्या मते "मला माहीत नाही" हे टीमसमोर बोलावं आणि "मला पटत नाही" हे वरिष्ठांसमोर, तेही पुराव्यानिशी : पेन्शनच्या दिवशी रांग किती लागते, जवळची दुसरी शाखा किती दूर आहे. खाली तक्रार केली तर टीमला हाताशी काही न लागता फक्त भीती मिळते.

लोक प्रश्न विचारेनासे झाले, तर ते निवळले असं समजू नये. बहुतेक वेळा त्यांनी युनियनच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारायला सुरुवात केलेली असते. रजेचे अर्ज अचानक वाढणं, नेहमी जुळणारी कॅश संध्याकाळी न जुळणं, हीही त्याचीच चिन्हं. तेव्हा एकेकाला वेगळं बसवून बोलावं.

बदल्या मॅनेजरच्या हातात नसतात, पण काउंटरची मांडणी असते. शाखा एकत्र झाल्यावर दोन्हीकडचे कर्मचारी आपापल्या ओळखीच्या माणसाशेजारीच बसू पाहतात. पहिल्या दिवसापासून जोड्या मिसळाव्यात : नवी प्रणाली ठाऊक असलेला एक, जुने खातेदार चेहऱ्याने ओळखणारा एक. विजया आणि देना बँकांचे जुने आयएफएससी कोड 1 मार्च 2021 पासून बंद झाले. जुनं पासबुक घेऊन काउंटरवर आलेल्या आजोबांना अशा वेळी दोघेही लागतात.